ब्रेकबाईंचा पहिला गडी

ब्रेकबाईंना खरं नाव होतं, पण गाडी शिकायला येणाऱ्यांच्या ते लक्षात राहत नसे. लक्षात राही ते त्यांचं तोंड आणि त्यांच्या पायाखालचा दुसरा ब्रेक. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा, म्हणजे गाडी, भिंत आणि शिकणारा तिघंही वाचतात. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असे आणि तोंडाचा पट्टा सुरू असे. "आरसा बघा, अहो आरसा, स्वतःला नाही, मागच्याला बघा. आता वळा. वळा म्हटलं की वळायचं, विचार घरी करायचा."

घरीही तीच तऱ्हा. सगळं घाईघाईनं, उभ्या उभ्या. नवरा म्हणायचा, "हिचं लग्नही घोड्यावर बसून झालं. घोडा माझा होता, बसली ती." आपण उतावळ्या आहोत, पटकन आणि पुढे घुसणाऱ्या आहोत, यात बाईंना स्वतःलाही कधी शंका आली नव्हती.

धाकटी बहीण बरोबर उलटी. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात मेणाला आकार द्यायचं काम करी. कामाहून सुटली की चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जाई. तिथं मारामारीच्या व्हिडिओ गेमचा क्लब होता. पडद्यावर दोन गडी समोरासमोर, आणि पडद्यापुढे दोन माणसं खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर काठी आणि बटणांची पेटी. बाई त्याला 'बटणं बडवायची शाळा' म्हणत आणि धाकटी ते ऐकून घेई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. थोरली बोलायची, धाकटी ऐकायची.

मग धाकटीला दूरच्या गावी नोकरी लागली. महिनाअखेर निघायचं होतं. जाण्याआधीच्या रविवारी क्लबात जोडीचे सामने होते आणि तिची जोडीदारीण मध्येच गळाली. तिची कामाची पाळी बदलली होती, सुट्टी मिळेना.

"मग मी येते," ब्रेकबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

धाकटी हसली. "ताई, तुला काठी कुठल्या हातात धरतात तेही माहीत नाही."

"स्टिअरिंग धरता येतं ना मला. काठी म्हणजे त्याचंच पोर असणार."

"अगं, नव्या माणसाला असं घेत नाहीत. आधी क्लबातल्या एखाद्याला हरवून दाखवावं लागतं. एकच संधी."

"मग हरवू."

बोलून गेल्या खऱ्या, पण सुरी मध्येच थांबली. ही पोरगी आता जाणार. इतक्या वर्षांत दोघींनी मिळून एकसुद्धा गोष्ट केली नव्हती. आपण बोललो तेवढंच. हा एक रविवार हातचा जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

क्लब चालवणारा गृहस्थ म्हणजे खालचा चष्मेवालाच. दिवसभर लोकांचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी वर येऊन नव्या खेळाडूला गडी नेमून द्यायचा. भिंतीवर एक मोठी काळी पाटी होती. तिच्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा गडी खडूनं लिहिलेला. नियम असा की पहिला गडी एकदाच बदलता येतो. एकदा पुसलं की दुसरं लिहाल ते कायमचं, निदान वर्षभर तरी.

"हे असं का?" बाईंनी विचारलं.

"नवा चष्मा रुळायला वेळ लागतो," तो म्हणाला. "रोज बदलला तर नुसतं डोकं दुखतं. लोक दर हरण्यामागे गडी बदलतात आणि कुठलाच शिकत नाहीत. बसा. तुमच्या दारात दोन माणसं भांडताहेत. तुम्ही काय करता?"

"मध्ये पडते."

"समोरच्याचं बोलणं अर्धं राहिलं तर?"

"राहतंच. माझं राहत नाही."

"रांगेत उभं राहायला आवडतं?"

"रांग म्हणजे काय?"

खोलीत हशा पिकला. चष्मेवाल्यानं पाटीवर त्यांचं नाव लिहिलंसुद्धा. "तुम्ही रशडाउन. विचारायची गरजच नव्हती."

मग त्यानं समजावलं. गड्यांच्या जाती पुष्कळ, पण नवख्यानं तीन ओळखल्या तरी पुरे. रशडाउन म्हणजे चपळ, अंगावर धावून जाणारा. त्याचा हात आखूड, म्हणून जवळ घुसायचं आणि मार थांबू द्यायचा नाही, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. झोनर म्हणजे लांबून मारणारा. दुरून काहीबाही फेकत राहायचं, जवळ येऊ द्यायचं नाही, आणि कुणी उडी मारून आलाच तर त्याला खालून ठोसा द्यायचा. तिसरा ग्रॅपलर. जाडजूड, मंद, मार खाऊन घेणारा. जवळ पोचेपर्यंत त्याचे हाल कुत्रा खात नाही, पण एकदा का त्यानं पकडलं की समोरच्यानं कितीही बचाव धरला तरी उपयोग नाही. उचलून आपटतो.

या गेममधल्या तिघांना क्लबानं आपली नावं दिली होती. रशडाउनची भिंगरी, झोनरची गोफणवाली आणि ग्रॅपलरचा डोंगर. बाईंच्या नावापुढे 'भिंगरी' लिहिलं गेलं. त्या पाटीकडे बघताना, एवढ्या वयात शाळेत नाव घातल्यासारखं त्यांना वाटलं.

त्या घरी शिकल्या, क्लबात शिकल्या, लाल सिग्नलला गाडी थांबली की गिअरच्या दांडीवर बोटांनी ठोसे मोजू लागल्या. शिकाऊ मंडळी घाबरून विचारत, "बाई, काही चुकलं का?" भिंगरी धावायची, सुळकन खालून जायची, तीन ठोसे आणि एक लाथ. बाईंना ती पोटच्या पोरीसारखी आवडली. पण सरावाच्या सामन्यांत जिंकता मात्र येईना.

जो येई तो हरवून जाई. क्लबातल्या वाचनालयवाल्यानं तर त्यांना खुर्ची गरम व्हायच्या आत हरवलं. हा माणूस वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसे, बोले कमी आणि खेळे गोफणवाली. दगडावर दगड. बाई जवळ पोचल्याच तर दोन ठोसे मारत आणि मग मध्येच थांबत.

"थांबता कशाला?" चष्मेवाला कळवळून म्हणायचा. "तुमची पाळी होती. मारत राहायचं होतं."

"हो, पण तो काय करतो ते बघत होते."

"रशडाउननं बघायचं नसतं हो. समोरच्याला बघायला लावायचं."

पुन्हा तेच. घुसायचं, ठोसा, ठोसा, आणि थबकायचं. तेवढ्यात समोरचा सावरे आणि उलटा मारी. सामना जवळ येत चालला.

एका संध्याकाळी त्यांनी सरावात गोफणवाली घेऊन बघितली. सराव पाटीत धरत नसत. म्हटलं, बघण्याचीच सवय असेल तर लांबून बघावं. पण तिथंही गाडं अडलं. समोरचा चालत आला की दगड फेकायचा, आणि बाई त्याला येऊ देत. अगदी या, बसा म्हटल्यासारखं. दिवसभर परक्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या बाईला जवळ आलेल्या माणसाची भीती कशी वाटणार?

तरीही त्या रागारागानं उठल्या आणि डस्टर उचललं. "पुसते भिंगरी. गोफणवाली लिहा. निदान लवकर तरी मरणार नाही."

"ताई, थांब," धाकटी म्हणाली.

"कशाला थांबू?"

"उद्यापर्यंत थांब. उद्या सकाळी मला शिकवायला नेणार आहेस ना? त्यानंतर पूस."

नव्या गावी गाडी चालवावी लागणार म्हणून धाकटी थोरलीकडून शिकत होती. बाईंनी डस्टर ठेवलं, पण इतक्या जोरात की खडूची भुकटी चष्मेवाल्याच्या चष्म्यावर बसली.

सकाळी रिकाम्या मैदानात गाडी निघाली. बाईंचा पट्टा सुरू झाला. "क्लच सोड. हळू. हळू म्हणजे एवढं हळू नाही. पुढे खांब आहे, दिसतोय ना? तो हलणार नाही, तुलाच हलायचंय."

धाकटीनं वळायला उशीर केला. खांब जवळ आला. बाईंचं तोंड थांबलं नव्हतं, पण धाकटीनं खाली नजर टाकली. दुसऱ्या ब्रेकवर ताईचा पाय नुसता टेकलेला होता. दाबलेला नाही, उचललेला नाही. खांब आणखी जवळ. पाय जागचा हलेना. धाकटीनं स्टिअरिंग फिरवलं, गाडी सुटली आणि खांब मागे गेला.

पुढच्या वळणाला ती खरोखर चुकली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय गेला. गाडीनं उसळी घेतली आणि त्याच क्षणाला जागच्या जागी थांबली. मांजरानं उंदीर धरावा तसा बाईंनी ब्रेक धरला होता.

धाकटीनं गाडी बंद केली आणि हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"दात काढायला काय झालं? मेली असतीस."

"ताई, मघाशी खांबाच्या वेळी का नाही दाबलास?"

"तू वळणार होतीस म्हणून."

"आणि आत्ता?"

"आत्ता तू चुकणार होतीस. तुझा गुडघा आधी वर आला. चुकणाऱ्याचा गुडघा आधी सांगतो. दर चुकीला ब्रेक मारला तर माणूस शिकेल कधी? येऊ द्यायचं, बघायचं, आणि मग एकदाच धरायचं. पण धरायचं म्हणजे धरायचं."

हे ऐकून धाकटी स्टिअरिंगवर डोकं टेकवून म्हणाली, "आम्ही सगळे ठार वेडे आहोत. तुझं तोंड रशडाउन आहे गं. पाय ग्रॅपलर आहे."

बाईंना कळायला एक क्षण लागला. "चल," त्या म्हणाल्या. "गाडी फिरव. नाही, मी फिरवते. क्लब कधी उघडतो?"

पाटी पुसली गेली. चष्मेवाल्यानं डोकं खाजवलं. "चूक माझीच. मी तुम्हाला विचारून नंबर काढला. दुकानात असं कधी करत नाही. भिंगं डोळ्यांवर लावून बघतो. पण आता हा शेवटचा हं."

'डोंगर' लिहिलं गेलं.

डोंगर शिकणं सोपं नव्हतं. त्याची मोठी पकड करायला काठी पूर्ण गोल फिरवायची आणि बटण दाबायचं. पण त्या गोलात काठी वरही जाते, आणि काठी वर म्हणजे उडी. बाईंचा डोंगर पहिला दिवसभर बेडकासारखा उड्या मारत राहिला. घरी नवरा बघत बसला होता. तो म्हणाला, "एवढा देह आणि एवढा उत्साह. अगदी तुझ्या माहेरचा दिसतो."

धाकटीनं युक्ती शिकवली. आधी एक छोटा ठोसा मारायचा. ठोसा चालू असेतो डोंगराला उडी मारताच येत नाही. तेवढ्या वेळात गोल उरकायचा आणि समोरच्यानं ठोसा अडवून संपवला की त्याला उचलायचं. गोल ठोशाच्या पोटात लपवायचा. बाईंना स्टिअरिंग एका दमात फिरवायची सवय होती. हात बसला. पहिल्यांदा डोंगरानं समोरच्याला उचलून, गरगर फिरवून जमिनीत गाडलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि खोलीभर चालून आल्या. पाय जमिनीवर ठरेनात.

मग दुसरं कळलं. पकड बचावाला फोडते, पण उडी मारणाऱ्याला ती लागत नाही. पकड हवेत गेली की डोंगर बावळटासारखा उघडा पडतो. तेव्हा सारखं धरायला जायचं नाही. समोरच्याला भीती बसली की तो आपण होऊन उडी मारतो, आणि उडी मारली की हवेतच डोक्याची धडक द्यायची. आता खालीच बसावं की उडावं, या पेचात त्याला पाडायचं. बाईंना हे शिकवावंच लागलं नाही. पेचात पडलेल्या माणसाशेजारी त्या रोजच बसत होत्या.

परीक्षेच्या सामन्याला जो सभासद मोकळा होता तो नेमका वाचनालयवाला.

"ताई, आपण दुसऱ्या कुणाची वाट बघू," धाकटी कानात म्हणाली. "डोंगराला गोफणवालीच सगळ्यात अवघड."

वाचनालयवाल्यानं चष्मा पुसला आणि नम्रपणे म्हणाला, "माझं काही नाही. दुरून डोंगर साजरे."

सगळे हसले. बाईंनी पेटी मांडीवर घेतली. "जवळून बघा एकदा," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतकी खुर्ची ओढून बसल्या. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो जिंकला.

पहिली फेरी बघवली नाही. दगड येत होते आणि बाईंच्या तोंडाची घाई हातात शिरली. त्या दगडावरून उडी मारून गेल्या, खालून ठोसा बसला. पुन्हा उडी, पुन्हा ठोसा. डोंगर आडवा. धाकटी नखं खात होती.

"आता कुणी बोलू नका," ब्रेकबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालेलं धाकटीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत त्या उडाल्या नाहीत. दगड आला, अडवला. दोन पावलं पुढे. दगड, अडवला. एक पाऊल. अडवलेला दगडही गड्याचं थोडं रक्त नेतो, तेवढं नेऊ दिलं. वाचनालयवाला मागे सरत गेला, आणि मागे सरणाऱ्याला कधीतरी भिंत लागतेच. पडद्याची कड आली. छोटा ठोसा, पोटात गोल, उचलला. तो उठला, बिचकून बचाव धरून बसला, पुन्हा उचलला. फेरी बाईंची. कुणीतरी खुर्ची पाडली.

तिसऱ्या फेरीत वाचनालयवाला शहाणा झाला. बाई जवळ आल्या की तो उडे. एक पकड हवेत गेली, चोप बसला. दुसरी गेली, पुन्हा चोप. डोंगराच्या डोक्यावरची, किती जीव शिल्लक ते दाखवणारी रक्ताची पट्टी धाग्याएवढी उरली. आता एक दगड अडवला तरी खेळ खलास. पण तोवर गोफणवाली पुन्हा कडेला टेकली होती आणि डोंगर तिच्या नाकाशी उभा होता. इतक्या जवळून दगड काढायला हात मागे नेला असता तर तिला आधी धडक बसली असती. उडायचं किंवा बसायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

बाईंनी काहीच केलं नाही.

चष्मेवाल्याला ओरडावंसं वाटलं, धाकटीनं त्याचा दंड धरला. तिला दिसत होतं. ताईचा हात काठीवर नुसता टेकलेला होता. दाबलेला नाही, उचललेला नाही. आणि ताईची नजर पडद्यावर असली तरी तिरकी होती, शेजारच्याच्या गुडघ्यापर्यंत पोचणारी.

गुडघा वर आला.

डोंगराची धडक गोफणवालीला हवेतच बसली. ती पडली. उठू लागली. आता पुन्हा उडेल का? गुडघा जागच्या जागी राहिला, घट्ट. माणूस घाबरून बचाव धरून बसला होता. ती उभी राहते न राहते तोच बाईंनी काठी एका दमात गोल फिरवली आणि बटण दाबलं.

डोंगरानं गोफणवालीला उचललं. उचललंय हे कळल्यावर वाचनालयवाल्यानं पेटीवरचे हात काढून घेतले आणि आपटण्याची वाट न बघता म्हणाला, "गेलो."

पुढचा गोंधळ विचारू नका. धाकटीनं ताईला मिठी मारली, ती दोघींना जमेना, कारण बाईंच्या मांडीवर पेटी होती आणि ती काढायचं कुणालाच सुचलं नाही. वाचनालयवाला गुडघ्याकडे बघत म्हणाला, "हा घरभेदी निघाला."

"शिकायला या," बाई म्हणाल्या. "गुडघा सरळ करून देते."

चष्मेवाल्यानं पाटीवर रविवारच्या जोड्यांच्या खाली दोन नावं शेजारी शेजारी लिहिली.

रविवारी त्यांनी दोन जोड्या पाडल्या आणि तिसरीकडून सडकून हरल्या. परतताना गाडी धाकटी चालवत होती. ब्रेकबाई शेजारी बसून तिसऱ्या सामन्यातली एकेक चाल हातवारे करून सांगत होत्या. तिथं थांबायला हवं होतं, तू आत घुसलीस ते बरोबर, पण मी धडक उशिरा दिली, आणि पुढच्या वेळी तू सुट्टीला आलीस की आपण आधी त्यांना कडेला नेऊ. चौक आला, वळण आलं, समोरून मोठा ट्रक आला आणि गेला.

"ताई," धाकटी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आता तरी ब्रेकवरून पाय काढ."

"केव्हाच काढलाय," बाई म्हणाल्या. त्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. "तू पुढे बघ. हां, तर मी काय सांगत होते?"